पाळण्यागत डुलणारी बोट

धरणाच्या पाण्यात पर्यटक फिरवणाऱ्या बोटीवर गणपतरावांनी वरचा मजला चढवला, तेव्हा बोटी तपासणाऱ्या रूपाली मगदूमनं सही नाकारली.

"तरंगतीया की," गणपतराव म्हणाले.

"तरंगणारच. आपल्या वजनाएवढं पाणी तिनं बाजूला सारलंय. पण ती कलली की पाण्याचा वर उचलणारा रेटा कललेल्या बाजूला सरकतो. त्याची उभी रेघ बोटीच्या मधल्या रेघेला छेदते तो मेटासेंटर. वजनाचा मध्य त्याच्या जेवढा खाली, तेवढी ती सावरते. रिकामी असताना हे अंतर चाळीस सेंटिमीटर आहे. वर तीस माणसं चढली की आठ."

सही गणपतरावांनी दुसरीकडून आणली.

आज रूपाली धक्क्यावर उभी होती. वरचा मजला गच्च भरून बोट परत येत होती.

"किती निवांत डुलतीया, पाळण्यागत," तिकीटवाल्या धोंडुबाई म्हणाल्या.

रूपालीनं घड्याळ लावून हेलकावा मोजला. रिकामी बोट पाच सेकंदांत एक हेलकावा पुरा करायची. आता अकरा लागले. सावरायचं बळ संपत आलं की बोट अशीच सावकाश डुलते.

"खाली बसा, मधी बसा," ती जीव खाऊन ओरडली.

ही बाई काय म्हणतीया ते ऐकायला वरचे सगळे उठून तिच्या बाजूच्या कठड्याला आले.