कालव्यावरचा पूल

कचरा विभागाच्या कार्यालयात एकच चांगला संगणक होता, आणि त्याच्यासमोर जी बसायची तिला सगळे नकाशाबाई म्हणत. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरीपट कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर असल्यामुळे ते कुणाला आठवायचं कारण पडत नसे.

गावातल्या दोनशे बारा कचऱ्याच्या डब्यांचा नकाशा तिने केला होता. सॉफ्टवेअर फुकटातलं होतं, क्यूजीआयएस. फुकट म्हटल्यावर साहेबांचा त्याच्यावर आधी विश्वास बसेना, आणि नंतर इतका बसला की बाईंवरचा उडाला. ‘यंत्र काय म्हणतंय?’ असं ते विचारत. बाई काय म्हणतात, असं कधी विचारत नसत.

यंत्र म्हणत होतं की शहाण्णव टक्के. म्हणजे गावातल्या रस्त्यांच्या एकूण लांबीपैकी शहाण्णव टक्के रस्त्यावरून डबा दीडशे मीटर चालण्याच्या आत होता. हा आकडा साहेबांनी सोमवारीच वर कळवून टाकला होता. उरलेल्या चार टक्क्यांत नऊ ठिकाणं लाल दिसत होती. गोदामात नवे डबे होते दहा. नऊ डबे नऊ लाल ठिकाणी जाणार, आणि दहावा कार्यालयाच्या फाटकाशी, पाहुण्यांना दिसावा म्हणून. आज दुपारी तीनच्या बैठकीत यावर सही व्हायची होती.

सकाळपासून बाईंचा पाय टेबलाखाली हलत होता. कारण बाबा.

बाबा म्हणजे तिचे वडील, चौतीस वर्षं टपाल वाटलेला माणूस. वय एकाहत्तर. गेल्या वर्षी कालव्यापलीकडच्या एका गल्लीत दोन खोल्या घेऊन राहायला गेले, आणि तेव्हापासून त्यांची एकच तक्रार होती: आमच्याकडे डबा नाही. महिन्यापूर्वी फोनवर बाई वैतागून म्हणाल्या होत्या, “बाबा, नकाशात बघून सांगतेय. तुमच्या दारापासून डबा एकशे दहा मीटरवर आहे. एकशे दहा मीटर चालायला होत नाही का?”

मग बाबा म्हणाले होते, “तू मोजलंयस?”

“यंत्राने मोजलंय.”

“बरं.”

त्यानंतर तक्रार बंद. तक्रार करणारा माणूस अचानक गप्प झाला की सरकारी खात्याला बरं वाटतं, मुलीला वाटत नाही. काल रात्री फोन आला तो निराळाच. “येताना माझ्या मापाची एक पँट आण. जाड कापडाची. हिची बसायची जागा झिजली.” बसायची जागा महिन्यात झिजावी इतकं हे कुठे बसतात, हा प्रश्न बाईंना झोपेत पडला आणि सकाळी तिथेच सापडला.

साडेनऊला मुकादम आला. गावातली प्रत्येक गल्ली त्याच्या पायाखालची, आणि नकाशा त्याला फारसा मान्य नव्हता, कारण त्यात वास येत नाही. गाड्यांचे मार्ग बघायचे म्हणून तो पडद्यावर वाकला. हिरव्या रेघांवरून बोट फिरवत कालव्यापाशी थांबला.

“बाई, हा पूल कधी झाला?”

“कुठला?”

“हा. कालव्यावर. मला न विचारता?”

“आधीपासून आहे तो. उपग्रहाच्या चित्रात दिसतो की. इंटरनेटवरच्या खुल्या नकाशात नव्हता, म्हणून मीच काढला.”

मुकादमाने डोळे बारीक केले. “हिरवं बाजूला करा आणि खालचं चित्र दाखवा.”

बाईंनी थर बंद केला. खाली उपग्रहाचं चित्र उघडं पडलं. कालव्यावर या काठापासून त्या काठापर्यंत एक सरळ करडी रेघ, शेजारी तिची सावली. बाईंनी ती गिरवली होती, आणि नुसती गिरवली नव्हती. दोन्ही टोकं दोन्ही काठांच्या रस्त्यांना नीट चिकटवली होती. टोक सुटं राहिलं तर यंत्र रस्ता जोडलेला मानत नाही. टोक चिकटलं की यंत्र काही विचारत नाही. सरळ चालत पलीकडे जातं.

“बाई,” मुकादम हळूच म्हणाला, “ही पाण्याची पाइपलाइन आहे.”

बाईंचा पाय थांबला.

“जाडी एवढी.” त्याने मांडीएवढं अंतर दाखवलं. “वरून माकडही जात नाही. नाही म्हणायला, पंधरा दिवसांपूर्वी एक म्हातारा बघितला मी. पाइपावर दोन्हीकडे पाय टाकून बसलेला, घोड्यावर बसतात तसा. पुढ्यात कचऱ्याची पिशवी, आणि सरकतोय आपला. मी ओरडलो, आजोबा, कुठे? तर म्हणतो कसा, अधिकृत रस्ता आहे!”

झिजलेली जागा बाईंच्या डोळ्यांसमोर अशी उभी राहिली की त्या स्वतःही उभ्या राहिल्या.

“किती वाजता दिसला होता?”

“दहाच्या सुमाराला.”

भिंतीवरच्या घड्याळात दहाला बारा मिनिटं होती. बाईंनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. अर्थात, दोन्ही हात पाइपावर ठेवायचे तर फोन घरीच ठेवणार. शिस्तीचा माणूस.

स्कूटर सुरू व्हायला तीन लाथा लागल्या. बाजाराच्या तोंडाशी एक ट्रक आडवा होता, त्याचा चालक खाली उतरून दुसऱ्या चालकाला, तू आधी मागे घे, असं समजावत होता. बाईंनी फुटपाथवरून स्कूटर घातली. एकशे दहा मीटर. चालायला होत नाही का? स्वतःचं वाक्य स्वतःच्याच कानात माशीसारखं फिरत होतं. हाकलावं तर हात मोकळा नव्हता.

कालव्याच्या अलीकडच्या काठावर डबा क्रमांक सत्याऐंशी होता. अगदी नकाशात होता तिथेच. त्याच्याशेजारी त्यांनी स्कूटर टाकली आणि वर बघितलं.

बाबा मधोमध होते. पाय दोन्हीकडे लोंबकळत, चपला गळ्यात दोरीने बांधलेल्या, पिशवी पुढ्यात. खाली हिरवट पाणी संथपणे, कसलीही घाई नसल्यासारखं चाललं होतं. बाबा हात पुढे टेकत, अंग उचलत, वीतभर सरकत. मग थांबत. मग पुन्हा.

ओरडावं की नाही, हे बाईंना कळेना. ओरडल्यावर ते दचकले तर? गप्प राहिल्यावर घसरले तर? शेवटी त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “बाबा.”

“थांब गं,” बाबा वर न बघता म्हणाले. “मोजतोय. त्रेसष्ट.”

“काय मोजताय?”

“वीत. चौसष्ट.”

“मागे फिरा!”

“फिरता येत नाही. पाइप आहे, मैदान नाही. पासष्ट.”

पुढच्या साठ विती बाईंनी काठावरच्या गवताची पानं एकेक करून उपटली. शेवटी बाबांचा पाय काठाला लागला, आणि त्यांनी मुलीचा हात धरायच्या आधी पिशवी डब्यात टाकली. काम आधी.

“बाबा, हा पूल नाहीये!”

“ते मला पहिल्याच दिवशी कळलं.”

“मग का आलात?”

“यंत्राने मोजलंय म्हणालीस ना. म्हटलं, जात असतील लोक. शेजाऱ्यांना विचारलं, तुम्ही कसे जाता? ते म्हणाले, आम्ही जात नाही, आम्ही कालव्यात टाकतो. आता माझी मुलगी कचरा विभागात. मी कालव्यात टाकू?”

“मला सांगायचं नाही?”

बाबांनी गळ्यातल्या चपला सोडवून पायात घातल्या. मग म्हणाले, “चालायला होत नाही का, असं विचारलं होतंस. होतंय, एवढंच दाखवायचं होतं.”

बाईंनी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि खऱ्या पुलावरून घरी सोडलं. स्कूटरवरच्या किलोमीटरच्या आकड्यांकडे बघत होत्या. एक किलोमीटर सहाशे मीटर.

तीन वाजेपर्यंत त्यांनी पूल पुसला आणि गणित पुन्हा चालवलं. कालव्यापलीकडच्या दोन गल्ल्या लाल झाल्या. टक्के झाले पंचाण्णव.

“पंचाण्णव?” साहेब म्हणाले. “मी वर शहाण्णव सांगून बसलोय. एका टक्क्याचा पूल गेला कुठे?”

“तो नव्हताच, साहेब. माझी चूक. मी पाइपाला पूल समजले.”

“नव्हता असं लिहिता येणार नाही. वर पाठवलेल्या नकाशात आहे तो.” साहेब खुर्चीत मागे रेलले. अडचणीत त्यांची बुद्धी फार चालत असे, ती अडचणीतून बाहेर पडायला नव्हे तर अडचणीचा कागद करायला. “असं करा. पूल दुरुस्तीसाठी बंद आहे, असं दाखवा.”

मुकादम खिडकीबाहेर बघू लागला. त्याचे खांदे हलत होते.

खोटं पुन्हा खोट्याने झाकायचं, हे बाईंच्या जिवावर आलं होतं. “मी खरं काय ते लिहून देते, साहेब. माझ्या सहीने.”

“द्या. फाइलला लावू. पण वर जाणाऱ्या कागदात पूल बंद.”

“बंद रस्त्यावरून यंत्र चालत नाही,” बाई हळूच म्हणाल्या. “बंद दाखवला तरी त्या गल्ल्या लालच राहणार. लाल म्हणजे डबा द्यावा लागणार.”

“डबे नऊ ठिकाणी वाटून झाले. दहावा फाटकाशी.”

“फाटकाशी लाल नाही, साहेब. यंत्र म्हणतंय.”

यंत्राचं नाव निघाल्यावर साहेब विचारात पडले. मुकादमाने खिडकीकडूनच सांगितलं की गाडी रोज त्या गल्लीच्या तोंडावरून रिकामीच जाते, थांबायला दोन मिनिटं पुरतील.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले, “पण तात्पुरता. पूल दुरुस्त होईपर्यंत.”

अशा रीतीने, जो पूल कधी बांधला नव्हता तो त्या दुपारी रीतसर बंद झाला, आणि चौथ्या दिवशी बाबांच्या गल्लीच्या तोंडाशी तात्पुरता डबा आला. पाइपाच्या दोन्ही टोकांना पाट्याही लागल्या: पादचारी पूल दुरुस्तीसाठी बंद. बाबांनी कळवलं की त्या वाचायला आता लोक थांबतात, आणि दुरुस्ती फार रेंगाळली असं दोघांनी लेखी दिलंय.

बाईंना मात्र चैन पडेना. चित्र बघून, खुर्चीत बसून त्यांनी काढलेल्या रेघा एकूण त्रेचाळीस होत्या. पूल गेला, बेचाळीस उरल्या. बेचाळीस रेघांवरून यंत्र रोज बिनधास्त चालत होतं, आणि त्यांपैकी कुठल्या टोकाला कोण पिशवी घेऊन बसलंय, कुणाला ठाऊक?

रविवारी त्या फोनमध्ये नकाशा घेऊन निघाल्या. बाबा जाड कापडाची नवी पँट घालून बरोबर आले. म्हणाले, पत्ता शोधायचा तर टपालवाला लागतोच. पहिल्या सहा रेघा खऱ्या निघाल्या. बाई प्रत्येक रेघेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, वाट अगदी डोळ्यांसमोर दिसत असली तरी.

सातवी रेघ दोन घरांच्या मधली होती. तिथे गल्ली नव्हती. एक लांबलचक भिंत होती, वीतभर रुंद, आणि तिच्यावरून एक मांजर या टोकाकडून त्या टोकाकडे निवांत चाललं होतं.

बाबांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

“याला जमतंय बघ,” ते म्हणाले.

बाईंनी रेघ पुसली.