तिसरा सेल

लातूरच्या आडत बाजारामागं श्रीमंतरावांचं बॅटरीचं दुकान. शेषेराव तिथं बावीस वर्षं कामाला होता. रेणुका आयटीआय करून हदगावहून आली, तिला जेमतेम चार महिने झाले होते. तरी गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "ताई हायत का?" ते शेषेरावला खुपायचं.

त्या दिवशी एका कोचिंग क्लासच्या इन्व्हर्टरची बॅटरी आली, पार उतरलेली. शेषेरावनं सहाही सेलांत, म्हणजे कप्प्यांत, ॲसिडचा दाटपणा मोजणारा हायड्रोमीटर बुडवला. आकडा सगळीकडं अकराशेवीस; भरलेल्या बॅटरीत तो साडेबाराशेच्या आसपास असतो.

"ॲसिड संपलंय. नवं टाकावं लागतंय," तो म्हणाला.

"न्हाई काका," रेणुका म्हणाली, "ॲसिड प्लेटांत गेलंय. बॅटरी वापरली की शिशाची प्लेट आन् शिशाच्या ऑक्साइडची प्लेट, दोन्हींवर लेड सल्फेट धरतंय. ॲसिड त्यात खर्च होतंय, वर पाणी तयार होतंय. म्हणून पातळ झालंय. चार्ज केलं की ॲसिड परत येतंय. आता वरून टाकलं तर मग जास्त होईल."

"रेणुका म्हणती तसं करा," श्रीमंतराव गिऱ्हाइकासमोरच म्हणाले.

दुपारी रेणुका जेवायला गेली. शेषेरावनं पिचकारीनं तिसऱ्या सेलमधलं निम्मं ॲसिडचं पाणी ओढून काढलं आणि तेवढं डिस्टिल वॉटर भरलं. एक सेल वर आला नाही की हिचं शहाणपण उघडं पडेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार्जिंग पुरं झालं. पाच सेल साडेबाराशे, तिसरा अकराशेनव्वद.

"सेल मेलाय," शेषेराव लगेच म्हणाला. "नवं ॲसिड टाका म्हणालो होतो."

बॅटरी थोडी थंड झाल्यावर रेणुकानं व्होल्टमीटर लावला. भरलेला सेल दोन पूर्णांक एक व्होल्टच्या आसपास असतो, सहांचे साडेबाराच्या वर. तेवढे जवळजवळ होते. मग जड लोड देऊन पाहिला. व्होल्टेज ढासळलं नाही, खराब सेलात उठतात तसे बुडबुडेही तिसऱ्या सेलमध्ये उठले नाहीत.

"प्लेटा चांगल्या हायत मालक," ती म्हणाली. "त्यांच्यातलं ॲसिड सुटलंय. या सेलात ॲसिडच कमी हाय. कुठंतरी सांडलं असंल. हितं मात्र टाकावं लागंल. काका, तुमचा हात नेमका हाय, तुम्हीच मापानं टाका."

श्रीमंतरावांनी मान हलवली आणि ते गल्ल्याकडं वळले.

शेषेरावनं थोडं पाणी काढलं, जपून ॲसिड सोडलं, मिसळायला पुन्हा चार्जिंगला लावलं. तासाभरानं आकडा इतरांबरोबर आला. तिनं त्याचं नाव घेतलं असतं तर त्याला भांडता आलं असतं. ती बाजूला तारा गुंडाळत होती.

"सांडलं न्हाई," तो खाली बघत म्हणाला. "मी काढलं."

"ठाऊक हाय काका," ती म्हणाली. "काल सहाही सेल सारखेच होते."

त्याला हलकं वाटलं नाही. तिचं बरोबर निघालं होतं आणि तरी ती मोठ्यानं बोलली नव्हती. हे दोन्ही त्याच्यानं सोसवत नव्हतं.