पाचव्या पिढीचा ड्राइव्ह

खारघरचे विनायक कारखानीस निवृत्त झाल्यावर विमान चालवू लागले. कॉम्प्युटरवर. बेडरूममध्ये दोन मॉनिटर, हातात खरा वाटावा असा दांडा, आणि जगभरचे विमानतळ. मूळ गेममधले विमानतळ त्यांना पुरेनात, म्हणून इंटरनेटवरून आणखी शेकड्याने उतरवून घेतलेले.

एवढं सगळं उघडायला वेळ लागे. "लोड होतंय," असं म्हणून विनायकराव स्वयंपाकघरात येऊन उभे राहत, आणि पद्मजाबाई शांतपणे त्यांच्यापुढे भिजवून मोड आणलेल्या वालांचं पातेलं सरकवत. बिरड्याचे वाल सोलणं हे चिकाटीचं काम, आणि विनायकरावांचा हात त्यात छान बसला होता.

"हे लोडिंग माझा जीव खातं," एकदा ते बोटं पुसत म्हणाले. "गेम साठवलाय तो माझा ड्राइव्ह चौथ्या पिढीचा आहे. आता पाचव्या पिढीचे आलेत. वेग दुप्पट!"

"आहे त्यात काय वाईट चाललंय?" पद्मजाबाईंनी पातेल्यात डोकावत विचारलं.

ड्राइव्ह आला. च्युइंगगमच्या पुडीएवढी पट्टी, वर तापू नये म्हणून धातूचं जाड झाकण. खालच्या मजल्यावरचा विश्वजीत सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि त्यालाही विमानांचा नाद होता. त्याने येऊन ती पट्टी मदरबोर्डवरच्या पाचव्या पिढीच्या जागेत बसवली. जुना ड्राइव्ह शेजारच्या जागेत तसाच राहिला. वेग मोजणारा प्रोग्राम लावला, तर आकडा खरंच दुप्पट. विनायकरावांनी त्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

नव्या ड्राइव्हवर गेम नव्याने टाकला आणि विनायकराव स्वयंपाकघरात पोचायच्या आतच तो उघडला.

"पद्मजा! पिढीचा फरक!"

पद्मजाबाईंनी वालांचं पातेलं स्वतःकडे ओढलं. चार दिवस त्या नवऱ्याशी बेताचंच बोलल्या.

पाचव्या दिवशी विनायकरावांनी आपले सगळे जास्तीचे विमानतळ नव्या ड्राइव्हवर आणले. गेम सुरू केला. थांबले. पाणी प्यायले. परत आले, तरी निळी रेघ अर्ध्यावरच. विश्वजीतला फोन गेला. "अरे, ड्राइव्ह बिघडला!"

विश्वजीत म्हणाला, "काका, परीक्षाच घेऊ. तेच विमानतळ दोन्ही ड्राइव्हवर ठेवतो. तुम्ही स्क्रीनकडे पाठ करून बसा, गेम उघडला की मी सांगीन. दर वेळी कॉम्प्युटर बंद करून चालू करीन, म्हणजे मेमरीत उरलेलं कामी येणार नाही. कोणता ड्राइव्ह ते तुम्ही सांगा."

"डोळे मिटूनही सांगेन."

पद्मजाबाई हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. पहिल्यांदा गेम उघडला. दुसऱ्यांदा उघडला.

"दुसरा! दुसरा पाचव्या पिढीचा," विनायकराव टाळी वाजवून म्हणाले. "त्याची एक वेगळीच सफाई असते."

"दुसरा जुना होता, काका."

"बरं, परत लाव."

परत लावलं. या वेळी ते बरोबर निघाले, पुढच्या वेळी पुन्हा चूक. मोबाइलच्या घड्याळात दोघांमधला फरक सेकंदभराचा, तोही कधी इकडे, कधी तिकडे.

"मग तो दुप्पट वेग गेला कुठे?" विनायकरावांचा आवाज बारीक झाला होता.

"आहे ना. भलीमोठी फाइल तितक्याच वेगवान ड्राइव्हवरून आणलीत, तर दिसेल. पण गेम म्हणजे हजारो बारक्या फाइली. बारकं बारकं उचलायला दोघांना जवळपास सारखाच वेळ लागतो. शिवाय आलेलं उलगडून मांडायचं काम प्रोसेसरचं. तो तुमचा जुनाच आहे. पहिले चार दिवस गेम झटपट उघडला, कारण तुमचे विमानतळ आले नव्हते."

"म्हणजे विमानतळ काढले तर जुन्यावरही झटपट?"

"जुन्यावरही."

पद्मजाबाईंना हसू आवरत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा बघून त्या आत गेल्या आणि तिघांसाठी चहा टाकला.

संध्याकाळभर ते विमानतळ काढत बसले. नॉर्वे गेला, पेरू गेला. रत्नागिरीवर हात थबकला, तो ठेवला. गोवाही ठेवला. शेवटी मूठभर उरले आणि गेम पटकन उघडला. आधी जुन्या ड्राइव्हवर, मग नव्यावरही, तेवढाच पटकन.

सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, "रोजच्या वापरात फरक नाही. कोणी घेऊ नये." खाली तिसऱ्या मजल्यावरून लगेच उत्तर आलं, "कालच मागवला, काका."

दुसऱ्या दिवशी विनायकरावांचं विमान कर्नाळ्याच्या सुळक्यावरून जात असताना पद्मजाबाई बेडरूममध्ये आल्या. स्क्रीनवरचे हिरवेगार डोंगर त्यांनी जरा वेळ पाहिले.

"छान दिसतं हो," त्या म्हणाल्या. "हे मध्येच थांबवता येतं का?"

"येतं की. एक बटण दाबलं की झालं."

"मग दाबा. नारळ संपलाय."

विनायकरावांनी बटण दाबलं. विमान सुळक्याच्या वर हवेत लटकत राहिलं, आणि वैमानिक पिशवी घेऊन जिना उतरू लागले.