शिट्टीनंतरची पाच मिनिटं

शेवटची शिट्टी वाजली की पाच मिनिटांत आमच्या फुटबॉल क्लबच्या खेळाडूला टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर उभं करायचं, हे माझं काम. त्या पाच मिनिटांत त्याच्या तोंडातली गुळगुळीत वाक्यं काढून घ्यायची, ही माझी खोड. "हा साऱ्या संघाचा विजय आहे" असं कुणी म्हटलं, की माझं डोकंच फिरतं.

आमचा गोलकीपर या बाबतीत पार हाताबाहेर गेलेला. सगळे त्याला भिंत म्हणतात, आणि मुलाखतही तो भिंतीसारखीच द्यायचा. शेवटी त्याची आईच त्याला म्हणाली, "टीव्हीवर दिसतो तो कुणाचा मुलगा रे?" ते त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात हजर. "ताई, मला बोलायला शिकव."

माझी पद्धत साधी. उत्तर लिहून द्यायचं नाही, कारण पाठ केलेलं डोळ्यांत दिसतं. फक्त विचारायचं, काय दिसलं, काय ऐकू आलं, मनात काय आलं. त्यातली एकच गोष्ट धरायची आणि घरी सांगतो तशी सांगायची. गेल्या शनिवारी त्याने पेनल्टी अडवली होती, तिच्यावर आम्ही आठवडाभर सराव केला. आज सकाळीही बसलो. मैदान कुठलं, मागचा सामना कुणाशी, निकाल काय, हे त्याच्या जिभेवर बसवलं, म्हणजे कॅमेऱ्यासमोर चाचपडायला नको.

पहिल्या हाफमध्ये समोरच्या खेळाडूचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. डॉक्टर धावले, काही प्रश्न विचारले आणि त्याला खेळू दिलं. दुसऱ्या हाफमध्ये आम्ही एक गोल केला. शेवटच्या मिनिटाला भिंतीने पुन्हा पेनल्टी अडवली आणि आम्ही जिंकलो.

मैदानातून आत येणाऱ्या बोगद्यात टीव्हीवाली बाई घड्याळावर बोट आपटत होती. मी भिंतीला खेळाडूंच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवलं.

"बोल. पेनल्टीच्या वेळी काय दिसलं?"

तो हसला. "डावखुरा होता. पळत यायच्या आधी त्याने एकदाच कोपऱ्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली, चोरी पकडली गेल्यासारखी. मी मनात म्हटलं, सापडलास."

इतकं सुरेख, की मी टाळीच वाजवणार होते. हात मध्येच थांबले. डावखुरा गेल्या शनिवारचा होता.

"ती मागची झाली. आजची सांग."

"आजचीच सांगतोय की."

"आज चेंडू कुठे लागला तुला?"

तो हातमोज्यांकडे बघत राहिला. कपाळावर घाम आला. मग घाईघाईने म्हणाला, "हा साऱ्या संघाचा विजय आहे."

या वाक्यावर मी नऊ वर्षं चिडले, पण त्याला घाबरले पहिल्यांदाच.

"डोकं दुखतंय का?"

"थोडं. ताई, डॉक्टरांना सांगू नकोस. बुधवारी फायनल आहे."

मी डॉक्टरांना ओरडून हाक मारली. ते आले, त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि त्यांचा आवाजच बदलला. "मैदानावर विचारलं होतं मी. कुठे आहोत, मागचा सामना कुणाशी, निकाल काय. घडाघडा सांगितलं याने."

घडाघडा सांगणारच. सकाळी मीच त्याच्याकडून घोकून घेतलं होतं.

भिंतीने बाकाशेजारीच उलटी केली. त्याला ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं, तेवढ्यात टीव्हीवाली बाई म्हणाली, "कुणीतरी हवंय. आत्ता." मॅनेजरने मला पुढे ढकललं. "काळजीचं कारण नाही, एवढंच म्हण."

समोर कॅमेरा, मागे जाहिरातींचा फळा. प्रश्न आला, "तो कसा आहे?"

ते वाक्य ओठांवर आलं होतं. खेळाडूची तब्येत जाहीर करायची नसते, हेही मला ठाऊक होतं. मी स्वतःलाच विचारलं, मनात काय आहे?

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मला भीती वाटतेय."

मॅनेजर बाहेर माझ्यावर खेकसला. मी थेट हॉस्पिटल गाठलं.

मेंदूजवळ रक्त साचलं होतं. त्याला ऑपरेशनला नेत होते, तेव्हा जिन्यावरून त्याची आई धापा टाकत आली. पायात दोन वेगळ्या चपला.

"कुणी कळवलं तुम्हाला?" मी विचारलं.

"तूच की. टीव्हीवर सगळे म्हणतात, काळजी करू नका. तू घाबरलेली दिसलीस, म्हणून क्लबला फोन करून हॉस्पिटल विचारलं आणि तशीच निघाले."

स्ट्रेचरवर त्याने डोळे किलकिले केले. "आई, जिंकलो का?"

"जिंकलास. त्या उंच पोराने उजव्या पायाने मारला. तू आधी चुकीच्या बाजूला गेलास, मेल्या, माझा जीवच गेला. पण गुडघा मागे राहिला होता ना, त्याला लागला चेंडू."

"गुडघ्याला?"

"गुडघ्याला. लहानपणी जिन्यावरून पडून फोडला होतास, त्याच."

तो ते शब्द पुटपुटत होता, पाठ करत असल्यासारखा. तेवढ्यात त्याला आत नेलं आणि दार लागलं. आईने माझा हात घट्ट धरला.

"तो बरा होईल ना?" तिने विचारलं.

मी खरं तेच सांगितलं, आणि तिने हात सोडला नाही.