देवकोट्टैची पाटी

सोनं गाळून शुद्ध करणाऱ्या गलाईवाल्या धनाजीचा उजवा हात मोडला आणि त्यानं लगेच ठरवून टाकलं: गावाकडून भावाला, संपतला बोलवायचं, बायकोपोरांना विट्याला धाडायचं. बायको, वैजयंता, भडकली. नऊ वर्षं कारैकुडीत काढली होती, तमिळ तोंडात बसली होती, पोरगी इथल्या शाळेत रमली होती.

"भट्टीला गडी आहे. सोनाराकडं माल मी पोचवते की!"

"देवकोट्टैची बस कशी ओळखशील? सोनं जवळ असताना कुणाला वाट विचारायची नाही. आपल्या धंद्याचा नेम आहे तो. विचारलं की परका कळतो."

"मग तमिळ वाचायला शिकते. भावजींना दोन आठवडे थांबवा."

शेजारच्या वळ्ळियम्मै आची शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांनी ताटात तांदूळ पसरले आणि तिचं बोट धरून 'अ' काढला. आ, इ, ई, उ, ऊ झाले, तशी वैजयंता खुलली. "हे तर आमचेच!"

"घाई नको. आता आखूड ए, मग लांब ए. ओसुद्धा दोन."

"आमच्यात एकेकच."

"अगंबाई! मग कसं भागतं तुमचं?"

बारा स्वर पक्के झाल्यावर व्यंजनं आली. क, ख, ग, घ चौघांना मिळून एकच अक्षर! "आम्ही चार पोसतो, आची," असं म्हणत तिनं सवयीनं अक्षरांवर रेघ ओढली. आचींनी ती पुसली. "छप्पर नको, इथं ऊन चांगलं आहे."

रडवलं ते खुणांनी. 'ए'ची खूण अक्षराच्या आधी लिहायची, उच्चारायची मात्र नंतर. 'ओ'ची तर दोन्ही बाजूंनी. "खूण दिसली की तोंडात धरून ठेव," आची म्हणाल्या. "अक्षर आलं की दोन्ही एकदम सोड."

पंधराव्या दिवशी कमरेला सोन्याची पुरचुंडी बांधून ती स्टँडवर उभी राहिली. दोन बस सुटायच्या बेतात होत्या, कंडक्टर चहाला गेलेले. एका म्हाताऱ्यानं आपणहून विचारलं, "कुठं जायचंय, अम्मा?" ती नुसती हसली. मग पाट्यांकडे वळली.

पहिल्या पाटीवर सुरुवातीलाच 'त' होता आणि त्याच्या माथ्यावर इकार. ति... तिरुप्पत्तूर. ही नव्हे. दुसरीवर आधी लांब 'ए'ची खूण, मग तोच 'त': தே. तमिळमध्ये 'त' आणि 'द'ला एकच अक्षर. दे... व... पुढं 'क'च्या दोन्ही बाजूंना खुणा, को. मग डोक्यावर टिंब असलेला, म्हणजे अर्धा, 'ट', आणि शेवटी ऐकाराची खूण आधी घेतलेला आणखी एक 'ट'. देवकोट्टै! ती तडक चढली आणि खिडकीशी बसली. बस निघाल्यावर मात्र तिला रडू आलं, आणि तिनं ते खुशाल येऊ दिलं.

देवकोट्टैत सोनार रामलिंगम आसारींनी पुरचुंडी सोडून सोनं पाहिलं. "धनाजी नाही आला?"

"हात मोडलाय त्यांचा. आता मीच येणार."

तिनं तिथूनच फोन लावला.

"पोचलीस?" धनाजीचा आवाज दबका होता. "कुणाला विचारलंस?"

"पाटीला."

तो म्हणाला, "संपत तिकीट काढायला निघालाय."

"त्यांना घरी परत फिरवा," वैजयंता म्हणाली. "आणि आसारी विचारताहेत, पुढचा माल कधी? मंगळवारी आणते म्हणून सांगितलंय मी."