घरचं खातं शेवटी

माझ्या मामाला सगळी बाजारपेठ 'दशांश' म्हणते. पतसंस्थेत तो एकतीस वर्षं हिशेबनीस आहे आणि 'साधारण' हा शब्द त्याला शिवीसारखा लागतो. चहात साखर किती घालू विचारलं तर "सव्वा चमचा" म्हणतो, आणि पाव चमचा जास्त पडला तर त्याला कळतं. रोज सकाळी नऊ चाळीसला तो माझ्या बाइंडिंगच्या दुकानात येतो, चहा पितो, कपाची कड रुमालाने पुसतो आणि संस्थेत जातो. आई गेल्यावर मला त्यानेच वाढवलं. शिलाईची पहिली सुई त्याने आणून दिली, आणि तिची पावती अजून जपून ठेवली आहे.

कापायचं मशीन घ्यायला मी त्याच्याच संस्थेतून तीन लाखांचं कर्ज काढलं. बारा टक्के व्याज, पाच वर्षं, महिन्याला सहा हजार नऊशे पस्तीस रुपये हप्ता. संस्थेचं वर्ष सुरू झालं त्याच दिवशी पैसे हातात आले. मी एक हप्ता चुकवला नाही. शिवाय चौथ्या महिन्याच्या शेवटी शाळांच्या हजेरीपटांचं मोठं काम मिळालं, तेव्हा नवे पडदे, नवी चप्पल, सगळ्यावर पाणी सोडलं आणि वीस हजार जास्तीचे नेऊन भरले. काउंटरवर मामाच होता. मी विचारलं होतं, "मामा, याने व्याज कमी होईल ना?"

"होईल," तो म्हणाला, आणि पावतीवर इतक्या प्रेमाने शिक्का मारला की मी आठवडाभर हवेत होते.

वर्ष संपलं आणि खातेउतारा आला. व्याज: छत्तीस हजार.

मी तीनदा वाचलं. तीन लाखांचे बारा टक्के म्हणजे छत्तीस हजार. म्हणजे मी वर्षभर जे हप्ते भरले, वर वीस हजार भरले, ते व्याजाच्या लेखी भरलेच नव्हते! हातातला खळीचा ब्रश तसाच टाकला आणि तडक संस्था गाठली.

एक सांगायला हवं. रागावले की मी मामाला अहो-जाहो करते.

"हिशेबनीस साहेब," मी काउंटरवर उतारा आपटला, "हे काय आहे, ते जरा समजावून द्याल?"

'साहेब' ऐकताच मामाने चष्मा काढला. रांगेतले चार जण कान टवकारून उभे.

"वार्षिक रेस्ट आहे आपल्याकडे," तो हळू आवाजात म्हणाला. "व्याज वर्षातून एकदाच लागतं, वर्षाच्या पहिल्या दिवशी जेवढी बाकी असेल तेवढ्या बाकीवर. वर्षभर तू जे भरतेस ते जमा होतं, पण बाकीतून वजा होतं वर्षाच्या शेवटच्या दिवशी. कर्जाच्या कागदावर लिहिलेलं आहे. सातवं कलम."

"आणि मासिक असतं तर?"

"तर दर महिन्याला उरलेल्या बाकीवर व्याज लागलं असतं. हप्ता भरला की पुढच्या महिन्याचं व्याज तेवढं कमी."

"म्हणजे माझे वीस हजार आठ महिने तुमच्याकडे नुसते बसून होते?"

तो रुमालाने चष्मा पुसू लागला.

"बचत खात्यात टाकून वर्षाच्या शेवटच्या दिवशी कर्जात वळवले असते तरी चार टक्क्यांनी मला काहीतरी मिळालं असतं ना?"

"पाचशे तेहतीस रुपये तेहतीस पैसे," मामाच्या तोंडून निघून गेलं. सवय! मग त्याचे कान लाल झाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं!"

"अगं, एकतीस वर्षं माहीत आहे. पण हे मी कुठल्या खातेदाराला सांगितलं नाही. संस्थेचं उत्पन्न संस्थेचाच नोकर कसं बुडवणार? इतरांना नाही सांगितलं, आणि भाचीला तेवढं कानात सांगायचं? ते कसं काय बसतं?"

"मग सगळ्यांना सांगायचं होतं!" मी इतक्या जोरात म्हणाले की आतल्या खोलीतून चेअरमन डोकावले. चेअरमनचं हार्डवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाईक भांडायला लागलं की हसायची त्यांना सवय आहे, तसे ते हसले. मी तोंड फिरवून निघून आले.

दुसऱ्या दिवशी नऊ चाळीसला चहा तयार ठेवला होता, राग असला तरी. मामा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दहा आठवडे आला नाही. शेजारच्या टेलरकडून कळायचं की दशांश रविवारी पण संस्थेत बसतो, डबा तिथेच खातो, कॉम्प्युटरवाल्या मुलीला म्हणतो की तू कर, पण मी हाताने पडताळून पाहीन. मी म्हणायचे, बसू दे. आणि रोज नऊ चाळीसला माझं लक्ष दाराकडे जायचं. खोटं कशाला बोलू? मला तो हवा होता.

मग एका दुपारी तो दारात उभा. काखेत कागदांचा मोठा गठ्ठा, रुळाने आखलेले, मधोमध दुमडलेले.

"बांधून हवंय," तो म्हणाला. "शुक्रवारी वार्षिक सभा आहे. पक्कं कापड लाव. बिल संस्थेच्या नावाने."

"ठेवा तिथे," मी वर न बघता म्हणाले.

तो क्षणभर घुटमळला, गठ्ठ्याच्या कडा जुळवल्या आणि गेला. हट्टाने मी तो गठ्ठा शाळेच्या वह्यांखाली सारला. पण शिलाईला घ्यायचं तर पानांचा क्रम लावावा लागतो, आणि क्रम लावायचा तर पाहावं लागतं.

एकशे बासष्ट पानं. प्रत्येक पानावर एक कर्जखातं, नाव नाही, नुसता क्रमांक. डावीकडे गेल्या वर्षीचं व्याज वार्षिक रेस्टने. उजवीकडे तेच खातं, तोच हप्ता, त्याच तारखा, पण मासिक रेस्टने, बारा ओळी. खाली लाल शाईत दोन्हींतला फरक. कुठे नऊशे, कुठे दोन हजार, कुठे अडीच. सगळं मामाच्या त्या सरळसोट अक्षरात, एक खाडाखोड नाही. एकशे बासष्ट खाती, प्रत्येकी बारा महिने! मी खाली बसले.

माझं खातं पहिल्या पानांत शोधलं. नव्हतं. अगदी शेवटी होतं. मामाचं सगळं असंच, घरचं शेवटी. जेवायला वाढतानाही तो असंच करायचा.

डावीकडे छत्तीस हजार. उजवीकडे बाकी महिन्यामागून महिना उतरत गेलेली, चौथ्या महिन्यानंतर माझ्या वीस हजारांनी एक मोठी पायरी खाली आलेली. बेरीज: एकतीस हजार सहाशे सत्तावन्न. फरक: चार हजार तीनशे त्रेचाळीस. आणि शेऱ्याच्या रकान्यात, जो बाकी सगळ्या पानांवर कोरा होता, दोन ओळी:

'खातेदाराने व्याज कमी होईल का विचारले. मी होईल म्हणालो. कधीपासून, ते सांगितले नाही.'

मला रडू आलं. कागदावर पडू नये म्हणून मान मागे केली, एवढं भान मात्र राहिलं.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. "मामा, शेवटचं पान काढ. नाहीतर नुसता तो शेरा तरी खोड. सभेत ते पुस्तक टेबलावर जाणार. लोक नावं ठेवतील तुला."

'तू' ऐकून त्याचा चेहरा इतका सैल झाला की मला आणखी वाईट वाटलं.

"दुमडलेला कागद आहे तो," तो म्हणाला. "एक पान फाडलंस तर जोडीचं पान सुटतं. कामाचं तुला मी सांगायचं?" मग म्हणाला, "राहू दे. खरं आहे ते."

सभा संस्थेच्याच हॉलमध्ये झाली. खुर्च्या कमी, माणसं जास्त. मामाने ठराव मांडला: नवीन वर्षापासून सगळ्या चालू कर्जांना मासिक रेस्ट. चेअरमन लगेच उठले. "दशांशनेच काढलेला आकडा सांगतो. वर्षाला तीन लाख एक्केचाळीस हजारांचं उत्पन्न जाईल. लाभांश दहा टक्क्यांवरून सातवर येईल. चालेल?"

"नाही, नाही!" हॉल दणाणला. शेजारचा टेलर सगळ्यात मोठ्याने ओरडला.

मामाने पुस्तक टेबलावर ठेवलं. हिरवं कापड, सोनेरी अक्षरं. सोनेरी मी माझ्या पैशाने केली होती. "ज्याचं कर्ज आहे त्याने पुढे येऊन आपापलं पान बघावं," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या पानात डोकावायचं नाही."

लोक आले. मामा क्रमांक विचारायचा, पान काढायचा, मागच्यांना दिसू नये म्हणून हाताने झाकायचा. टेलरने आपला लाल आकडा पाहिला, मग खिशातून लाभांशाची चिठ्ठी काढून पाहिली, मग पुन्हा लाल आकडा. "अहो, लाभांश मिळाला सहाशे, आणि हे तेवीसशे गेले?" चिठ्ठी चुरगळून खिशात कोंबत तो जागेवर परतला. असं चाळीस-पन्नास जणांचं झालं. हॉल हळूहळू शांत होत गेला.

"सगळ्यात मोठा फरक कुणाचा?" चेअरमननी विचारलं. त्यांना वाटलं असावं, एखादा मोठा व्यापारी निघेल.

मामाने शेवटचं पान काढलं. झाकलं नाही. "माझ्या भाचीचा. चार हजार तीनशे त्रेचाळीस. तिने वेळेआधी पैसे आणून भरले म्हणून तिचं सगळ्यात जास्त गेलं. ती मला विचारून गेली होती, आणि मी तिला अर्धंच उत्तर दिलं." त्याने पानाची कड हाताने सरळ केली. "एकतीस वर्षांत माझी बेरीज चुकली नाही. हे चुकलं."

टेलरने हात वर केला. त्याच्या मागून हात वर होत गेले. चेअरमननी मोजले आणि शेवटी, हसत का होईना, स्वतःचाही हात वर केला. त्यांच्याही गोदामावर कर्ज होतंच.

मागच्या वर्षीचं व्याज परत मिळालं नाही. ठराव पुढचा होता. माझे चार हजार तीनशे त्रेचाळीस गेले ते गेले, आणि पडदे अजून जुनेच आहेत. मामा मात्र दुसऱ्या दिवशी नऊ चाळीसला आला. चहा प्यायला, कड पुसली, आणि बांधणीच्या बिलात सोनेरी अक्षरांचे पैसे का लावले नाहीत म्हणून माझ्याशी भांडला.

नवीन वर्ष लागलं, आणि दुसऱ्या महिन्यात माझ्याकडे दहा हजार जमले. संस्थेत गेले. मागे रांग होती. नोटा काउंटरवर ठेवल्या आणि विचारलं, "मामा, याने व्याज कमी होईल ना?"

त्याने चष्मा काढला, उठून उभा राहिला, आणि मागच्या माणसापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "होईल. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून."