उघड नसलेली ओळ

सहा वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला निवृत्त प्राध्यापकांनी उत्तर दिलं नव्हतं. नोकरी सांभाळून बाहेरून परीक्षा देणाऱ्या एका बाईंनी लिहिलं होतं, ‘‘आपल्या पुस्तकात पान बेचाळीसवर ‘d हा a ला भागतो हे उघडच आहे’ असं आहे. d म्हणजे काय ते चार ओळींनंतर कळतं आणि उघड तर मला काहीच दिसत नाही. माझंच डोकं कमी असेल, तर गणित सोडून देते. तसं कळवावं.’’

दोष पुस्तकाचा आहे हे त्यांना वाचताक्षणीच कळलं होतं. पण ते कबूल करायला जीभ रेटेना, तशी लेखणीही रेटेना. पत्र खणात गेलं ते गेलंच.

आता नवी आवृत्ती निघायची होती. पान बेचाळीस काढलं, आणि खणातून ते पत्रही. त्यांनी पहिल्यापासून लिहायला घेतलं: ‘a आणि b या धन पूर्ण संख्या. x, y कोणतेही पूर्णांक घेऊन ax + by या रूपात ज्या धन संख्या मिळतात, त्यांतल्या सर्वांत लहान संख्येला d म्हणू.’ मग पुढचं. कागद आणि ते पत्र, दोन्ही बायकोपुढे सरकवलं. तिचा जन्म ग्रंथालयात गेलेला, गणिताशी उभा दावा.

‘‘अहो, हा q कुठून टपकला?’’

‘‘अगं, भागाकार तो. कुणालाही कळेल.’’

‘‘मला कळला नाही. मी कुणीच नाही का?’’

ते ओशाळले. इतकं होऊनही सवय जात नव्हती. खोडून लिहिलं: ‘a ला d ने भागू. भागाकार q, बाकी r; म्हणजे a = qd + r, आणि r शून्य किंवा d पेक्षा लहान धन संख्या. आता d = ax + by असे x, y घेतले, तर r = a − qd = a(1 − qx) + b(−qy). म्हणजे r सुद्धा त्याच रूपातली. ती धन असती, तर d पेक्षा लहान अशी संख्या मिळाली असती. पण d च सर्वांत लहान. म्हणून r शून्य, आणि d हा a ला भागतो.’

बायकोने बोट ठेवत ठेवत वाचलं. ‘‘हं. आता कळलं. एवढंच होतं, तर त्या बाईला सांगायला काय झालं होतं?’’

त्यांनी बाईंना उत्तर लिहायला घेतलं. आधी ‘कामाच्या गडबडीत राहून गेलं’ असं लिहिलं, मग तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, ‘‘तुमचं डोकं कमी नव्हतं. लिहिणं माझं चुकलं होतं. ते त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. तुम्ही गणित सोडलं असेल, तर ते माझ्यामुळे.’’ सोबत नवं पान जोडलं.

पत्ता जुना, बाई तिथे असतील की नाही कोण जाणे. पोस्टाच्या पेटीपाशी ते जरा घुटमळले, मग पाकीट आत टाकलं.